मध्येच एसडी बघितली म्हणून ०.०५ ला कात्री लागत नाही

"ट्रायल अर्ध्यावर असताना डेटा उघडून सॅम्पल साइझ वाढवला की टाइप वन एरर वाढतोच. आधी ०.०५ ला कात्री लावा. आणि एसडी काढायला कोड फोडावाच लागतो, म्हणजे ब्लाइंडिंग गेलंच."

कोल्हापुरातले पीजीचे विद्यार्थी थिसिसचं गणित घेऊन येतात, तेव्हा हा फॉरवर्डही मोबाइलवर असतोच. टाइप वन एरर म्हणजे औषध चालत नसताना ते चालतं असं ठरवण्याची चूक, आणि ०.०५ ही तिची नेहमीची मर्यादा. एसडी म्हणजे आकड्यांचा पसारा, तिचा वर्ग म्हणजे व्हेरियन्स. कोड फोडणं म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात हे उघड करणं. या फॉरवर्डच्या धाकाने चांगले अभ्यास अपुऱ्या रुग्णांवर संपतात, म्हणून लिहितोय.

डेटा उघडून नेमकं काय बघितलं, हा खरा प्रश्न. दोन गटांतला फरक बघितला, तो जेमतेम वाटला म्हणून रुग्ण वाढवले आणि शेवटी नेहमीचीच टेस्ट लावली, तर टाइप वन एरर खरंच वाढतो. वाईटात वाईट स्थितीत दुपटीच्याही वर जातो. पण विटेस आणि ब्रिटन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या अंतर्गत पायलटमध्ये, म्हणजे त्याच ट्रायलच्या पहिल्या काही रुग्णांवरून सॅम्पल साइझ पुन्हा ठरवण्याच्या पद्धतीत, फरकाकडे बघायचंच नसतं, फक्त व्हेरियन्स बघायचा. नॉर्मल वितरणात सरासरी आणि व्हेरियन्स एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एसडी मोठी निघाली, तरी औषध चालतंय की नाही याचा सुगावा त्यातून लागत नाही.

समजा, रक्तदाबाच्या औषधाचा अभ्यास आहे. ५ मिमीचा फरक पकडायचा आहे, तो खरा असेल तर सापडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८०% हवी आणि जुन्या पेपरातली एसडी १० आहे. σ म्हणजे एसडी आणि δ म्हणजे पकडायचा फरक धरून दर गटाला लागणारे रुग्ण:

```
n = 15.7 × σ² / δ²
```

म्हणजे ६३. आपल्या ओपीडीत मात्र कुणी गडहिंग्लजहून एसटीने येऊन लगेच बीपी मोजून घेतो, कुणी तासभर बसून. साठ रुग्ण झाल्यावर एसडी १३ निघाली. आता दर गटाला १०७ लागतात. ६३ वरच थांबलात तर पॉवर जेमतेम ५८% उरते.

कोड फोडायचीही गरज नाही. शीटमधला गटाचा कॉलम काढून टाका आणि साठही रुग्णांच्या बीपीतल्या घटीची एकत्र एसडी काढा. दोन्ही गट मिसळल्याने खरा फरक व्हेरियन्समध्ये शिरतो, पण किती? समान गटांत δ²/4, म्हणजे ६.२५. आलेल्या १६९ मधून तो वजा केला तर १०३ रुग्ण पुरले असते. गटामागे चार रुग्ण जास्त घेऊन ब्लाइंडिंग शाबूत राहतं.

फॉरवर्डमध्ये एक कण खरा आहे. कोड फोडून गटांतर्गत व्हेरियन्स काढला आणि पायलट अगदी छोटा असला, तर एरर किंचित वाढतो. योगायोगाने व्हेरियन्स कमी आला की आपण लवकर थांबतो आणि तो कमीपणा शेवटच्या टेस्टमध्ये तसाच राहतो. जास्त आला तर पुढचे रुग्ण त्याला खाली ओढतात. शिवाय दहाच रुग्णांवरून आलेली १३ ही एसडी खरी ९ ते २४ यांत कुठेही असू शकते. साठांवरून आलेली साधारण ११ ते १६ मध्ये. म्हणून पायलट ऐसपैस घ्या आणि आकडा ६३ च्या खाली आणू नका.

कितव्या रुग्णानंतर बघणार, कोणतं सूत्र वापरणार आणि कमाल किती रुग्ण घेणार, हे पहिला रुग्ण घेण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून एथिक्स कमिटीकडे द्या. त्यात δ मात्र ५ च राहतो.