क्यूआर कोडच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

"साहेब, क्यूआर स्कॅन केल्यानं पैसे जात नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उगाच कास्तकारांना भेव घालू नका. अन् बारकोडचं दोन ओळींत उरकलं, ते का?"

भाऊ, मत वेगळं असू द्या, पण 'शेंबडं पोर' कशासाठी? यवतमाळ जिल्ह्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पैसे गेले की माणूस आधी माझ्या काउंटरवर येतो. त्यात शाळेचे गुरुजीही असतात. त्यांच्या तोंडावर हे बोलाल का?

पिन टाकल्याशिवाय सहसा पैसे कटत नाहीत, हे मान्य. मी तरी वेगळं कुठं लिहिलं? पण माणूस स्कॅनवर थांबत नाही, पुढं जातो.

एका कास्तकारानं जुना फवारणी पंप विकायला काढला. गिऱ्हाइकानं घासाघीस न करता होकार दिला अन् व्हॉट्सॲपवर कोडचा फोटो पाठवला: 'स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल.' तो फोटो मी नुसता मजकूर दाखवणाऱ्या स्कॅनरमध्ये उघडला. खात्याचा पत्ता बदलून देतो:

```
upi://pay?pa=namuna@bank&pn=Pump%20Advance&am=4500&cu=INR&tn=Received
```

`pay` म्हणजे पैसे द्यायचे, अन् देणारा तो, जो स्कॅन करतो. `pa` हा पैसे घेणाऱ्याचा पत्ता, `am` ही रक्कम. `pn` मधलं नाव अन् `tn` मधली टीप कोड बनवणारा मनाला येईल ती टाकतो. म्हणून पिनच्या आधी ॲप बँकेत नोंदलेलं जे नाव दाखवतं, ते वाचायचं. या कास्तकारानं 4500 चा आकडा अन् 'Received' पाहिलं, पैसे येताहेत असं समजून पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला दुसरा दिवस उजाडला. तोवर रक्कम पुढच्या खात्यात गेली होती. ही लाज तुमच्यासारख्या बोलण्यानंच येते, भाऊ. मला राग त्याचा आहे.

अन् प्रत्येक कोडात यूपीआय नसतं. मजकूर `https://` नं सुरू झाला, तर ती वेबसाइटची लिंक. ती उघडून योजनेच्या नावाच्या ॲपची `.apk` फाइल टाकून घेतली अन् तिला मेसेज वाचायची परवानगी दिली, तर बँकेचा ओटीपी समोरच्याला दिसतो. तिथं पिनचा मुद्दा टिकत नाही. म्हणून आलेला फोटो थेट पैशाच्या ॲपमध्ये उघडू नका, आधी आतला मजकूर वाचा, एवढंच मी लिहिलं होतं. यात भेव कुठं आलं?

बारकोडचं म्हणाल, तर किराण्याच्या पुड्यावर बहुधा 13 आकडे असतात. त्यात भाव नसतो, तो दुकानदाराच्या कॉम्प्युटरात असतो. सुरुवातीचे 890 म्हणजे कंपनीनं नंबर भारतात घेतला, माल इथंच बनला असं नाही. दोन ओळी पुरल्या, म्हणून दोनच लिहिल्या.