‘असल्यास’ या शब्दाचा राग

आज दुपारी आमच्या कामाच्या ग्रुपवर एका सहकाऱ्याची दिलगिरी वाचली आणि डोके तापले. ‘माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास दिलगिरी व्यक्त करतो.’ असल्यास म्हणजे काय? ज्याला बोललात तो त्याच ग्रुपवर आहे, तुमचे शब्दही चार ओळी वर तसेच आहेत, मग शंका कसली?

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. गेल्या चतुर्थीआधी आमच्या स्मरणिकेचे काम फोंड्यातील एका छापखान्यात चालू होते. मंगळवारी रात्री साडेअकराला प्रूफ आले, तर जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर बसलेल्या. मी पाच जणांसमोर अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला लिहिले, ‘जमत नसेल तर सांगा, काम दुसरीकडे देतो.’ सकाळी कळले की जुन्या फॉन्टमधला मजकूर मीच पाठवला होता आणि युनिकोडमध्ये आणताना तो मोडला होता.

तो भांडला नाही. ‘ठीक आहे सर’, एवढेच. पूर्वी शंका आली की स्वतःहून विचारणारा हा मुलगा त्यानंतर दिले तेवढेच जुळवू लागला. शुक्रवारच्या प्रुफात एकाच देणगीदाराचे नाव दोनदा आले, तेव्हा म्हणाला, ‘तुमच्या मजकुरात तसेच होते.’ खरेच होते. काय बिघडले आहे, ते मला तिथे समजले.

माफीचा पहिला मसुदा अकरा ओळींचा झाला. त्यात वीज गेली होती, जाहिरातदार मागे लागले होते, आणि शेवटी ‘पण तुम्हीही दोन दिवस उशीर केलात’ हेही होते. ती माफी नव्हती, माझा बचाव होता. सगळे खोडून, जिथे अपमान केला त्याच ग्रुपवर लिहिले: ‘मंगळवारी रात्री मी तुमच्या कामाबद्दल लिहिले ते चूक होते. जुन्या फॉन्टमधला मजकूर मीच दिला होता. माफ करा. यापुढे प्रुफाबद्दल काही असेल तर फोन करीन.’ मूळ संदेश पुसला नाही. पाचही जणांनी तो वाचलेलाच होता.

उशीर त्याने केला होता, हे मान्य. ते मी सोमवारी फोनवर वेगळे सांगितले आणि त्याने ऐकूनही घेतले. माफीतच कोंबले असते, तर तिला कोणी माफी म्हटले नसते.

आजच्या त्या गृहस्थांनाही घाई असेल, कामाचा ताण असेल. माझा राग आता थोडा उतरला आहे. तरी तो ‘असल्यास’ काढा हो, उरलेले वाक्य ठीक आहे.

माझ्या संदेशाला तासाभराने उत्तर आले, ‘जालें तें जालें, सर.’ संध्याकाळी दुसरा संदेश आला: ‘पान १४ वर अध्यक्षांचे आडनाव दोन प्रकारे आले आहे. कोणते ठेवू?’