बाविसावा खांब

गेल्या दिवाळीला मी आईसाठी घरघंटी घेतली. हडपसरच्या दुकानात माणसाने बटण दाबलं आणि मूठभर गहू टाकले, तर ते आत पडायच्या आधीच पीठ होऊन बाहेर आल्यासारखे वाटले. मी खूश. दिवेघाट चढून, सासवड मागे टाकून, घरघंटी मांडीवर घेतल्यासारखी सांभाळत वस्तीवर नेली. आईने हळदकुंकू वाहिलं, चकलीची भाजणी टोपात काढून ठेवली आणि मी बटण दाबलं.

“हुंऽऽऽऽ,” घरघंटी म्हणाली.

एवढंच. नवी सून माहेरची आठवण आल्यावर करते तसा तो आवाज होता. जातं फिरेना. घरातला बल्ब मात्र लगेच पिकल्या पेरूसारखा पिवळा पडला. “बंद कर, बंद कर, जळंल!” आप्पा पडवीतून ओरडले. त्यांना या आवाजाचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आमची वस्ती डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, बाविसाव्या खांबावर आहे. मोजलेत. पन्नासेक मीटरला एक खांब, म्हणजे अकराशे मीटर. कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण विजेलाही टेल असते हे शहरात कुणाला पटत नाही. बटण दाबलं की वीज येते, असं त्यांना वाटतं. आमच्याकडे ती येते खरी, पण पंगतीतल्या शेवटच्या पानावर आमटी येते तशी. वाढपी तोच, बादली तीच, फक्त डाळ मधेच संपलेली.

वायरमन आमच्या ओळखीचा. चहा पिता पिता मी त्याला विचारलं, “ही तार कुठली?” तो म्हणाला, “स्क्विरल.” मला वाटलं चेष्टा करतोय. नाही. या तारांना जाडीप्रमाणे प्राण्यांची नावं आहेत. आमच्याकडच्या तारांत सगळ्यात बारीक ती स्क्विरल, म्हणजे खार, तिच्याहून जाड विझल आणि त्याहून जाड रॅबिट. म्हणजे आमच्या वस्तीची वीज खारीच्या पाठीवर बसून येते. रामाच्या सेतूला खारीने वाळू वाहिली ते ठीक, पण इथे तिने पाच एचपीच्या मोटारी वाहायच्या आहेत.

मी पुण्याहून मीटर घेऊन गेलो होतो. पहाटे कुणाचीच मोटार चालू नसताना घरात २२८ व्होल्ट दिसले. नियमाने २३०च्या सहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. आम्ही नियमात बसलो म्हणून मला अभिमानच वाटला. मग ओढ्याकाठच्या चार विहिरींवर एकेक मोटार चालू झाली. पाच एचपीची मोटार चालताना साडेसात अँपिअर घेते आणि तेवढ्यासाठी खारीच्या अकराशे मीटरमध्ये दहा-अकरा व्होल्ट सांडतात. चार मोटारींचे चाळीस-पंचेचाळीस. मीटरवर १८५. त्यात मी घरघंटीचं बटण दाबलं, आणि आकडा धाडकन १३० वर.

हा शेवटचा धक्का विहिरीवाल्या तात्यांच्या मोटारीचा नव्हता, माझ्याच घरघंटीचा होता. मोटार फिरायला लागेपर्यंत नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते, आणि घरघंटी सिंगल फेजची, म्हणजे फेजच्या तारेतून येताना सांडायचं आणि न्यूट्रलच्या तारेतून परत जातानाही सांडायचं. बरं, व्होल्टेज निम्मं झालं तर मोटारीचा जोर निम्मा होत नाही, पाव होतो. १३० व्होल्टला तो तिसऱ्या हिश्श्यावर आला. तेवढ्या जोरात भाजणी सोडाच, रिकामं जातंही हलेना. आणि गती आली नाही की आतला स्टार्टिंगचा स्विच सुटत नाही, स्टार्टिंगचं वाइंडिंग तापत राहतं आणि थोड्या वेळाने घरात जळक्या वार्निशचा वास येतो. ‘हुंऽऽ’ ऐकून दहा मोजायच्या आत बटण बंद करायचं, हे वस्तीवरच्या पोराटोरांनाही कळतं. मला पदवी घेऊन कळलं नव्हतं.

“कपॅसिटर लावा मोटारींना,” मी तात्यांना ज्ञान दिलं. तात्यांनी स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. कपॅसिटर होता. वायर काढून ठेवलेली होती आणि वर पालीने संसार मांडला होता. आम्ही चारही जोडले. मोटारीमागे दीड-दोन व्होल्ट वाढले, बास. त्यापेक्षा तारच जाड असती तर जास्त फरक पडला असता. खारीचा मुख्य दोष अंगाने बारीक असण्याचा आहे, त्यावर टॉनिक चालत नाही.

खरी गंमत थ्री फेज येते तेव्हा असते. पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या थंडीत कोण विहिरीवर जाणार? म्हणून सगळ्यांनी मोटार आपोआप चालू करणारे ऑटो बसवलेत. वीज आली की चारही मोटारी एकदम उठतात, एकदम हुंकारतात आणि एकीलाही फिरता येत नाही. मग डीपीवर फट्ट आवाज, डीओ, म्हणजे तिथला फ्यूज, उडाला. सकाळी चौघेही एकमेकांकडे बघतात. प्रत्येकाचं म्हणणं, “माझा ऑटो बंदच होता.”

ट्यूबलाइटचं वेगळंच. पडवीत जुनी चोकवाली ट्यूब आहे. स्टार्टरच्या बाटलीत पट्टी तापून चिकटते, ट्यूबची टोकं गरम होतात, पट्टी सुटते आणि चोक एक दणका देतो. त्या दणक्याने ट्यूब पेटायची. आमच्याकडे टोकं लाल होतात, दणका येतो तो फुसका, पट्टी पुन्हा चिकटते. टक. टक. टक. टोकं काजळलेली, मधली ट्यूब पांढरीफटक. आप्पा स्टार्टर काढतात, फुंकतात, शर्टाला पुसतात आणि परत फिरवून बसवतात. फुंकण्याचा उपयोग शून्य, पण मीही फुंकतो.

भाजणीचा प्रश्न आईने सोडवला. तिने मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन फोन केले, चौथी मोटार आमचीच. “तात्या, अर्धा तास मोटार बंद ठेवा, चकलीचं दळायचंय.” चारही विहिरी शांत झाल्या, घरघंटीने जरा कण्हून गिरकी घेतली आणि पीठ पडू लागलं. अर्ध्या तासाचं भाडं घरपरत एक डबा चकली. त्यातला तात्यांचा डबा मोठा, कारण त्यांची मोटार शेवटी बंद झाली म्हणे.

निघायच्या आदल्या दिवशी मी आप्पांना एलईडीची पट्टी दिली. “१०० व्होल्टलाही पेटते,” मी खोक्यावरचं वाचून दाखवलं. आप्पांनी खोकं उलटसुलट पाहिलं आणि माळ्यावर ठेवलं. मी चिडलो. ते काही बोलले नाहीत.

रात्री दोनला माझी झोप मोडली. पडवीत लख्ख उजेड. बटण संध्याकाळपासून चालूच राहिलं होतं आणि इतका वेळ टकटकणारी ट्यूब आता दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी पेटली होती. आप्पा उठून बसले होते, डोक्याला मफलर गुंडाळत.

“काय झालं?”

“मोटार ट्रिप झाली. तुझी ती पट्टी असती तर कळलं असतं का मला?” त्यांनी बॅटरी उचलली, चपला शोधल्या आणि विहिरीच्या वाटेला लागले. पाचेक मिनिटांनी लांबून हुंऽऽ ऐकू आलं, आणि पडवीत परत टक, टक, टक.