बँकेत किती शिल्लक आहे ते लिहायला काय होतं?

आज सकाळी एका कंपनीचा तिमाही अपडेटचा मेल आला. लाकडी घाण्याचं तेल काढतात, आपल्या इकडचीच लेकरं, मी आणि आमच्या कॉलेजातल्या काही जणांनी थोडेथोडे पैसे घातलेत. मेलमधे काय, तर "विक्रमी तिमाही", "ऑर्डर तिप्पट", प्रदर्शनातल्या स्टॉलचे फोटो. पार खालपर्यंत बघितलं, बँकेत किती पैसे उरलेत ते कुठंच नाही. मागच्या मेलमधे दोन नवे घाणे बसवतो म्हणले होते, त्याचं नावच नाही. आणि मागच्या वेळी आकडा विक्रीचा होता, या वेळी ऑर्डरचा झालाय! मोजायची गोष्टच मधेच बदलली की बहुतेक वेळा जुना आकडा खाली आलेला असतो. आणि तिप्पट म्हणजे दहाचे तीस का हजाराचे तीन हजार, ते तरी सांगा की.

लातूरकडं एका पोरीची छोटी दालमिल आहे, तिच्यातही माझे थोडे पैसे आहेत. तिचा जानेवारी ते मार्चचा मेल मी अजून जपून ठेवलाय. पहिलीच ओळ, "तिमाही सुरू झाली तेव्हा बँकेत २० लाख होते, आज ५ लाख आहेत." वाचून पोटात गोळाच आला. पण खालीच हिशोब होता: ३ लाख तोटा, ८ लाखाची तूर घेऊन गोदामात ठेवली, ४ लाख उधारीत अडकले. झाले १५. आता आपल्याकडं तूर याच महिन्यांत बाजारात येते, मिलवाला तेव्हाच भरून ठेवणार, म्हणजे ते ८ लाख गेलेले नाहीत, पोत्यात आहेत. हे तिनं लिहिलं नसतं तर मी घाबरून फोनच लावला असता. विक्रीची तुलना पण तिनं आधीच्या तिमाहीशी केली नाही, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केली, ३५ लाखावरून ४२. हंगामाच्या धंद्यात हीच तुलना खरी, नाहीतर दर मार्चला कुणी पण हुशार दिसंल.

पुढं म्हणते, महिन्याला साधारण १ लाख तोटा, म्हणजे कागदावर पाच महिने निघतील, पण तुरीचा भाव पडला तर साठ्यातच मार बसंल, म्हणून तुम्ही तीनच धरा. याला म्हणतात गुंतवणूकदाराशी बोलणं.

लोक म्हणतील असले मेल बाहेर फुटतात, स्पर्धकाच्या हातात जातात. बरं, मान्य. मग खरेदीचा भाव नका लिहू, गिऱ्हाइकाची नावं नका लिहू. बाकीचं लिहा. आणि प्रायव्हेट कंपनीला दर तिमाहीला कळवायची कायद्यानं सक्ती नाही, वर्षाचे हिशोब दिले की झालं, हे पण मला ठाऊक आहे. पण वर्षानं कळून आम्ही काय करणार, तोवर पैसे संपलेले असतात!

खरं सांगू का, आता लिहितालिहिता राग थोडा उतरला. वाईट बातमी लिहायला हात थरथरतो, या लेकरांच्या घरात आधी कुणी धंदा केलेला नाही, वाटतं तोटा सांगितला तर काका लोक पैसे मागायला दारात येतील. पण उलटंच होतं. त्या ४ लाखाचं त्या पोरीनं सरळ लिहिलं होतं, पुण्याच्या एका वितरकाला साठ दिवसांची उधारी दिली आणि मर्यादाच ठरवली नाही, जुनं बिल थकलेलं असताना नवा माल जात राहिला. आता उधारी पंधरा दिवस, जुनं बिल आल्याशिवाय गाडी भरायची नाही. काय झालं, का झालं, आता काय बदललं, तीन वाक्यांत संपवलं. एकानंही पैसे परत मागितले नाहीत.

आणि शेवटी तिनं मागितलं काय, तर एकच गोष्ट: "पुण्यात किंवा संभाजीनगरात महिन्याला दोन क्विंटलच्या वर डाळ घेणारी आणि पंधरा दिवसांत पैसे देणारी मेस ओळखीची असंल तर शनिवारपर्यंत या मेलला नाव आणि नंबर पाठवा." वाचल्या वाचल्या मला माझा मेव्हणा आठवला, त्याची पुण्यात मेस आहे, तिथंच फोन लावला आणि आज त्याच्याकडं तिचीच डाळ शिजते. आजच्या मेलमधे मागण्या किती? पेज लाईक करा, चार मित्रांना सांगा, अभिप्राय द्या, मार्गदर्शन करा, जमलं तर अजून गुंतवा. वाचणाऱ्याला वाटतं दुसरं कुणीतरी करंल, आणि कुणीच करत नाही. "मार्गदर्शन करा" यावर माणसानं उठून नेमकं करायचं काय?

माझ्या यादीत धंदा करणारे बरेच जण आहेत, तुम्हालाच सांगतोय. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मेल टाका. उधारीचा हिशोब जुळला नसंल तर "अंदाजे" लिहा आणि पुढच्या मेलमधे दुरुस्त करा. मागच्या वेळी जे करतो म्हणला होता ते आधी लिहा, झालं का नाही ते. आणि पैसे कमी पडणार असतील तर हातात चार-पाच महिन्यांचा खर्च असतानाच सांगा, कारण आमच्यासारख्या पगारदाराला एफडी मोडायला घरात विचारावं लागतं, पंधरा दिवसांत ते होत नाही.