‘प्रायव्हेट लिमिटेड आहे, घराला कोण हात लावतो?’ बँक लावते, कधी कधी कोर्टही

“प्रायव्हेट लिमिटेड काढा आणि निर्धास्त राहा. कंपनी बुडाली तरी बँक, सरकार, पुरवठादार कुणीच तुमच्या घराला हात लावू शकत नाही. बायकोला डायरेक्टर करा, स्वतः फक्त शेअर ठेवा. कंपनी डबघाईला येतेय असं दिसलं की पैसा दुसऱ्या कंपनीत वळवा, कोर्टसुद्धा तिथवर पोहोचत नाही. सॉलोमन केस वाचा.”

हा मजकूर फिरत फिरत माझ्या भाच्याकडे आला. तो वर्कशॉपसाठी कंपनी नोंदवायच्या तयारीत आहे आणि यातला सगळ्यात घातक सल्लाच त्याला सगळ्यात हुशारीचा वाटला. म्हणून हे लिहिणं आलं.

यात खरं आहे तेवढं आधी मान्य करतो, नाइलाज आहे. भागधारकाची जबाबदारी त्याच्या शेअरवर जी रक्कम भरायची राहिली असेल तेवढीच असते. समजा दहा रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर घेतले आणि प्रत्येकी सहाच रुपये भरले, तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेला माणूस, उरलेले ४०,००० रुपये मागेल. त्यापुढे भागधारक म्हणून एक पैसाही नाही. इंग्लंडमधल्या सॉलोमन नावाच्या व्यापाऱ्याचा १८९७ चा निकालही खराच आहे. २०,००७ पैकी २०,००१ शेअर त्या एकट्याचे होते, उरलेले सहा घरच्यांचे, तरीही कंपनी वेगळी आणि तो वेगळा असंच ठरलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये एअर इंडियाच्या कँटीन कामगारांच्या खटल्यात कंपनी आणि तिचा मालक यांच्यातला पडदा उचलून मालकाला जबाबदार धरायला नकार दिला. कँटीन चालवणारी कंपनी शंभर टक्के एअर इंडियाच्या मालकीची होती, पण नुसती मालकी आणि नियंत्रण पुरत नाही, जबाबदारी टाळण्यासाठीच मुद्दाम उभं केलेलं सोंग असावं लागतं, असं न्यायालय म्हणालं. तेव्हा धंदा प्रामाणिकपणे केला आणि बुडाला, तर उधारीवर माल देणारा पुरवठादार तुमच्या फ्लॅटवर दावा लावू शकत नाही. इथवर ठीक.

आता बँक. छोट्या कंपनीच्या बाबतीत बँकेला पडदा उचलावाच लागत नाही, कारण तुम्ही स्वतः पडद्याबाहेर येऊन सही केलेली असते. कंपनीच्या नावाने ५० लाखांचं कॅश क्रेडिट घेताना कागदांच्या गठ्ठ्यात वैयक्तिक हमीपत्र असतं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कंपनीकडून वसूल करावं, मग तुमच्याकडे यावं, असा क्रम कायद्यात नाही. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली की तिच्यावरची वसुली थांबते, जामीनदारावरची थांबत नाही. त्या प्रक्रियेत मंजूर झालेल्या योजनेने कंपनीची थकबाकी कमी झाली तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. आणखी एका गोष्टीवर बरेच जण फसतात. संचालकपदाचा राजीनामा दिला म्हणजे हमी संपली असं त्यांना वाटतं. ती संपत नाही. बँकेला लेखी नोटीस देऊन पुढच्या उचलीपुरती हमी मागे घेता येते, तीही हमीपत्रात तो हक्क सोडून दिलेला नसेल तर. आधीच्या रकमेतून सुटायचं तर बँकेचं मुक्ततेचं पत्रच हातात लागतं.

‘पैसा दुसऱ्या कंपनीत वळवा’ या ओळीसाठी मात्र मजकूर लिहिणाऱ्याला समोर बसवून दिल्लीचा स्किपर कन्स्ट्रक्शनचा १९९६ चा निकाल वाचून दाखवायला हवा. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८० मध्ये झंडेवालान भागातला एक व्यापारी भूखंड लिलावात काढला. स्किपरने ९.८२ कोटींची सर्वोच्च बोली लावली, २५ टक्के भरले आणि बाकीची रक्कम वर्षानुवर्षं लांबवली. जमिनीचे पैसे चुकते नसतानाच होणाऱ्या इमारतीतले गाळे लोकांना विकून कोट्यवधी रुपये गोळा केले. १९९१ मध्ये न्यायालयाने नवे हक्क निर्माण करायला मनाई केली, तरी बुकिंग चालूच राहिलं. शेवटी भूखंड गेला आणि पैसे भरलेले लोक रस्त्यावर आले. वसुलीची वेळ आली तेव्हा मालमत्ता स्किपरच्या मालकाच्या पत्नीच्या, मुलांच्या आणि कुटुंबाने काढलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावावर. म्हणजे या मजकुरातला सल्ला तंतोतंत पाळलेला.

न्यायालयाने काय केलं? या सगळ्या कंपन्या म्हणजे ज्यांच्या आड तेच कुटुंब दडलं आहे असे बुरखे असतील, आणि कंपनी काढणं ही लोकांना फसवण्याची युक्ती असेल, तर त्या सगळ्यांना एकच समजता येईल, असं म्हटलं आणि कुटुंबाच्या मालमत्तेवर जप्ती आणली. कंपनी ही सोय व्यापार वाढावा म्हणून दिली आहे, बेकायदा कामांसाठी नाही, हा त्यामागचा विचार. तो न्यायालयाच्या अवमानाचा खटला होता, सर्वोच्च न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरले, हे खरं. साध्या दाव्यात धनकोला ‘हे दोघं एकच आहेत’ एवढं म्हणून भागत नाही. कुठल्या तारखेला कुठल्या खात्यातून किती रक्कम कुठे गेली आणि तिच्या बदल्यात काय आलं, हे मांडावं लागतं.

आणि ते हल्ली अवघड राहिलेलं नाही, कारण कंपनी दिवाळखोरीत गेली की नेमलेला व्यावसायिक बँकेचे उतारे घेऊनच बसतो. भावाच्या फर्मला दिलेलं बिनकराराचं ‘कर्ज’, निम्म्या किमतीत बहिणीच्या कंपनीला विकलेली सीएनसी मशीन, हे त्याला आधी दिसतं. नात्यातल्या लोकांशी किंवा त्यांच्या कंपन्यांशी झालेले असे व्यवहार दिवाळखोरीच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत उलटवता येतात, परक्यांशी झालेले एका वर्षापर्यंत. धनकोंना फसवण्याच्या हेतूने केलेल्या व्यवहारांना ही मर्यादाही नाही. कंपनी गुंडाळताना असा धंदा सिद्ध झाला तर कंपनी कायद्याचं कलम ३३९ जाणूनबुजून त्यात सामील असलेल्यांना कुठल्याही मर्यादेशिवाय वैयक्तिक जबाबदार धरू देतं. तिथे तुम्ही भागधारक की संचालक, हे कुणी विचारत नाही. पैसे वळवायची वेळ म्हणून मजकुरात जो क्षण सांगितलाय, ‘कंपनी डबघाईला येतेय असं दिसलं की’, नेमका तोच हेतूचा पुरावा ठरतो.

बायकोला डायरेक्टर करण्याबद्दल थोडक्यात. जीएसटी कायद्याचं कलम ८९ प्रायव्हेट कंपनीची न वसूल झालेली थकबाकी संचालकांकडून घेऊ देतं. वसुली न होण्यात आपला गंभीर निष्काळजीपणा, गैरवर्तन किंवा कर्तव्यभंग नव्हता, हे सिद्ध करायचं ओझं संचालकावर आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम १७९ याच धर्तीचं. म्हणजे हिशेबाची वहीसुद्धा न पाहिलेल्या बाईला तुम्ही नोटिशीच्या पत्त्यावर बसवता. तुम्ही स्वतःही सुटत नाही. कंपनीचा चेक वटला नाही तर धंद्याचा कारभार प्रत्यक्ष ज्याच्या हातात होता तो फौजदारी खटल्यात येतो, नावापुढे डायरेक्टर असो वा नसो. आणि तिने पुढे राजीनामा दिला तरी ज्या काळात ती संचालक होती त्या काळातल्या कराची नोटीस तिच्याच नावाने येते.