डब्याच्या मागची बाजूही वाचा

"भाच्याला व्हिडिओ गेम द्यायचाय? डब्यावरचा आकडा त्याच्या वयापेक्षा लहान असला की डोळे मिटून घ्या. मागची बारकी चित्रं बघत बसू नका. 3 लिहिलंय म्हणजे लहान मुलांचाच गेम."

असा सल्ला सर्रास ऐकू येतो. त्यातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण खरा घोटाळा तिथे आहे. युरोपच्या पेगी रेटिंगमधला 3 एवढंच सांगतो की लहान मुलानं पाहू नये असं गेममध्ये काही नाही. गेम मुलांसाठी बनवलाय की नाही, त्यांना तो जमेल की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

2023 चा ईए स्पोर्ट्स एफसी 24 बघा. फुटबॉलचा गेम, ना रक्त ना मारामारी, म्हणून पेगी 3. पण सोबत कार्ड धरलेल्या हाताचं चित्र येतं आणि 'इन-गेम पर्चेसेस, इन्क्लुड्स रँडम आयटम्स' असा शेरा. म्हणजे काय, तर त्यातल्या अल्टिमेट टीम या मोडमध्ये खेळाडूंची पाकिटं फोडायची असतात. खेळून नाणी मिळवता येतात, नाहीतर खरे पैसे देऊन पॉइंट्स घ्यायचे. हवा तो खेळाडू निघेल की नाही, हे नशिबावर. पुढच्या वर्षी नवा गेम आला की जमवलेला संघ तिकडे नेता येत नाही. जर्मनीच्या यूएसकेनं याच गेमला 12 दिला, कारण 2023 पासून ते खरेदीचा दबाव आणि नशिबाची पाकिटंही विचारात घेऊ लागले. 9 वर्षांच्या भाच्याला हा गेम द्यायला माझी ना नाही. करिअर मोडमध्ये पाकिटांशिवाय मस्त खेळता येतं. फक्त देण्याआधी त्याच्या आईशी बोला आणि मुलाच्या खात्याची महिन्याची खर्चमर्यादा शून्यावर ठेवायला सांगा.

आता आकडा आणि वय जुळवण्याबद्दल. कुठला आकडा? 2018 च्या मार्व्हल्स स्पायडर-मॅनला अमेरिकेच्या ईएसआरबीनं टी, म्हणजे 13 आणि पुढे, असं रेटिंग दिलं, पेगीनं 16. भाचा 14 वर्षांचा असेल तर एका डब्यानुसार चालेल, दुसऱ्यानुसार नाही. अशा वेळी शेरेच कामाला येतात. ईएसआरबीनं तिथे हिंसा, रक्त, शिवराळ भाषा आणि ड्रग्जचा उल्लेख असं लिहिलंय. हाणामारी चालते पण शिव्या नकोत, असं ज्या घरात आहे, त्यांना आकड्यापेक्षा 'लँग्वेज' हा एक शब्द जास्त उपयोगी. शिवाय esrb.org वर गेमचं नाव टाकलं की बहुतेक गेम्ससाठी छोटा परिच्छेद मिळतो, त्यात नेमकं काय दिसतं आणि कुठले शब्द ऐकू येतात ते दिलेलं असतं.

डब्यावर 'यूजर्स इंटरॅक्ट' असा शेरा दिसला तर ऑनलाइन अनोळखी लोकांशी बोलणं होऊ शकतं, आणि ते लोक काय बोलतील याचं रेटिंग कुणीच देत नाही. गेमसोबत व्हॉइस चॅट बंद कसं करायचं तेही बहिणीला दाखवून या.