तो एक स्टार नेमका कुणाला लागला?

ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या ड्रायव्हरला स्टार देण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया:

«तुम्ही सरळसरळ ड्रायव्हरची बाजू घेता. परवा दोघांनी ट्रिप कॅन्सल केली. तिसरा आला तो वेगळ्याच रस्त्यानं गेला, सात मिनिटं जास्त लागली, वर पायाखाली चिखल. नवाच होता, जेमतेम वीस ट्रिपा झालेल्या. मी एक स्टार दिला. पैसे मी मोजतो, मग यात अन्याय कसला?»

तुमचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघाला असं मला वाटतं.

आधी कॅन्सलचं बघू. जी ट्रिप झालीच नाही तिला सहसा स्टार देताच येत नाहीत, त्यामुळे पहिल्या दोघांचा हिशेब जो आला त्याच्याकडून वसूल होतो. त्या दोघांना धरायची जागा वेगळी आहे. कधी ड्रायव्हर स्वतः कॅन्सल न करता नुसतं बुकिंग घेतो, कुठे जायचं ते फोनवर विचारतो आणि मग नकाशावरची त्याची गाडी जागची हलत नाही. तुम्हीच कंटाळून कॅन्सल करावं याची तो वाट बघत असतो. अशा वेळी कॅन्सल करताना ‘ड्रायव्हरनं कॅन्सल करायला सांगितलं’ किंवा ‘गाडी पुढे येत नाही’ यासारखं कारण निवडा. नाहीतर ते तुम्हीच केलेलं कॅन्सल म्हणून नोंदलं जातं आणि कधी कधी त्याचा दंडही तुम्हालाच बसतो.

आता तिसऱ्याचं. समजा त्याला आधी १९ जणांनी पाच-पाच स्टार दिले होते. तुमचा एक धरून ९६ भागिले २०, म्हणजे सरासरी पाचवरून थेट ४.८. हाच एक स्टार पाचशे रेटिंगवाल्याला पडला असता तर त्याची सरासरी ४.९९ च्या आसपास राहिली असती. ऊबरमध्ये ही सरासरी शेवटच्या ५०० रेटिंगची असते. म्हणजे नव्या ड्रायव्हरचा वाईट स्टार आकड्यातून जायला फार दिवस लागतात.

रस्त्याबद्दल निवाडा करण्याआधी ट्रिपच्या पावतीवरचा नकाशा उघडा. रेघ एकाच ठिकाणी बाजूला जाऊन पुन्हा मूळ रस्त्याला लागली असेल, तर बहुतेक वेळा रस्ता बंद होता किंवा ॲपनंच तिकडून वळवलं. भाडं आधीच ठरलेलं असेल तर लांबच्या फेऱ्यात त्याचाच वेळ आणि इंधन जातं. भाडं अंतरावर असेल आणि रेघ उगाच गोल फिरली असेल, तर मात्र भाडं तपासून घ्यायची तक्रार करा. पैसे तक्रारीनं परत मिळू शकतात, स्टारनं नाही.

चिखल ही त्याची चूक, मान्य. पावसात आधीच्या प्रवाशाच्या पायांचा असेलही, पण पायपुसणी झटकणं त्याच्या हातात होतं. तेवढ्यासाठी मी चार दिले असते आणि स्वच्छतेच्या पर्यायावर खूण केली असती, म्हणजे स्टार कशासाठी कापला ते त्याला कळतं.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट आलीच नाही, आणि मी सर्वांत जास्त वजन तिलाच देतो. त्यानं गाडी कशी चालवली? हातात फोन होता का, सिग्नल तोडला का, ब्रेक सारखे दचके देत होते का? यातलं काही घडलं असेल तर एक स्टारही पुरेसा नाही, सुरक्षिततेची वेगळी तक्रार आजच करा. आणि तो शांतपणे, नीट चालवत होता का, तेही कळवा.